कंपनीत सगळ्यांनी मिळून लॉटरीचं तिकीट काढताय? मग हिस्से, तिकीट आणि टॅक्सचं आधी लिहून घ्या

दिवाळी बंपर, गुढीपाडवा बंपर जवळ आला की नाशिकच्या सातपूर, अंबडच्या कंपन्यांमध्ये चहाच्या टपरीवर हा विषय निघतोच, "चला रे सगळे मिळून काढू." पन्नास पन्नास रुपये जमतात, कोणीतरी एकजण तिकिटं घेऊन येतो, खिशात ठेवतो आणि विषय संपतो. नंबर नाही लागला तर काहीच प्रॉब्लेम नाही. लागला तर मात्र तिकीट कोणाचं, हिस्से किती, दोन महिने पैसे न दिलेल्याला धरायचं की नाही, हे सगळं त्याच दिवशी निघतं आणि तेव्हा प्रत्येकाला फक्त आपल्या सोयीचं आठवतं.

मी आमच्या कंपनीतला असा ग्रुप सांभाळतो. हे लिहितोय ते ज्यांना पहिल्यांदाच असा ग्रुप करायचाय त्यांच्यासाठी. लॉटरी लागण्याची शक्यता वगैरे इथे नाही सांगणार, ती नगण्य असते हे सगळ्यांना माहितीये आणि तरीही आपण काढतो. हा लेख फक्त व्यवहाराचा आहे.

महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हिस्सेदारांचा कागद सोडतीच्या आधी झालेला पाहिजे. नंतर केलेल्या कागदाला घरातलं भांडण मिटवण्यापुरती किंमत असते, इन्कम टॅक्ससमोर तो फार टिकत नाही. का ते पाचव्या पायरीत येईल.

1. आधी बघा की तुम्ही जे करताय ते लॉटरी काढणं आहे, लॉटरी चालवणं नाही

महाराष्ट्र राज्य लॉटरी ही सरकारची आहे, 1969 पासून चालू आहे, तिचं छापील तिकीट अधिकृत विक्रेत्याकडून घेणं कायदेशीर आहे. पाच-दहा जणांनी मिळून घेतलं तरी ते तिकीटच. पण तुम्ही स्वतःच चिठ्ठ्या छापल्या, शंभर शंभर गोळा केले आणि ऑफिसात सोडत काढून बक्षीस दिलं तर ती परवानगी नसलेली लॉटरी झाली, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 मध्ये त्याला शिक्षा आहे. तसंच ग्रुप चालवणाऱ्याने हिस्स्यामागे दोन-पाच रुपये "मेहनतीचे" ठेवायचे नाहीत. रक्कम किरकोळ असते पण त्याने तुम्ही सांभाळणारे न राहता धंदा करणारे होता. पेट्रोलचा खर्च वाटत असेल तर सरळ सगळ्यांनी चहा पाजावा.

दुसरं म्हणजे कंपनीचे नियम. बऱ्याच कारखान्यांच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये आवारात जुगार खेळणं हे गैरवर्तन म्हणून लिहिलेलं असतं. सरकारी लॉटरीचं तिकीट म्हणजे जुगार नाही असं तुम्ही म्हणाल, पण एखाद्या सुपरवायझरला तुमच्यावर राग काढायचा असेल तर लाइनवर पैसे गोळा करताना तो तुम्हाला आयताच सापडतो. म्हणून पैसे जमवणं, यादी बनवणं, तिकीट बघणं हे सगळं गेटच्या बाहेर. एचआरला एकदा तोंडी विचारून घेतलं तर उत्तम. कंपनीचा मेल आणि कंपनीचा प्रिंटर वापरू नका.

तिसरं, अठरा वर्षांखालचं कोणी घेऊ नका. आयटीआयची अप्रेंटिस मुलं उत्साहात येतात, त्यातलं एखादं सतराचं असतं. आधार बघा आणि मगच नाव लिहा.

आणि फोनवर "केरळ लॉटरी ऑनलाइन घ्या, नाशिकला घरपोच" असे मेसेज येतात, ते सोडून द्या. केरळ सरकार ऑनलाइन तिकीट विकतच नाही, त्यांची तिकिटं केरळातच कागदावर मिळतात. तुम्हाला जे पाठवतात तो फक्त फोटो असतो, आणि नंतर "तुम्हाला बक्षीस लागलंय, आधी टॅक्स भरा" असा फोन येतो. खरा टॅक्स बक्षिसातूनच कापला जातो, आधी कोणाच्या खात्यावर भरायला लागत नाही.

2. माणसं ठरवा: एक घेणारा, एक ठेवणारा

एकाच माणसाने पैसे गोळा करायचे, त्यानेच तिकीट घ्यायचं, त्यानेच ठेवायचं आणि त्यानेच निकाल बघायचा, अशी पद्धत सगळीकडे असते कारण बाकीच्यांना कटकट नको असते. त्या माणसावर संशय आहे म्हणून नव्हे, त्याच्यावर उद्या संशय येऊ नये म्हणून कामं वेगळी करा. पैसे गोळा करून तिकीट आणणारा एक, मूळ तिकीट ठेवणारा दुसरा. दोघं एकाच घरातले किंवा रोज एकाच गाडीवर येणारे जिगरी नकोत. आमच्याकडे तिकीट ठेवायला स्टोअरमधले एक काका आहेत, रिटायरमेंटला आलेले, त्यांच्या कपाटात गेलेली वस्तू सही केल्याशिवाय बाहेर येत नाही असा त्यांचा लौकिक आहे. असा माणूस प्रत्येक कंपनीत असतो, शोधा.

घेणाऱ्याचा एक वेगळा नियम लिहाच: तो स्वतःसाठी वेगळं तिकीट काढत असेल तर ते ग्रुपच्या तिकिटांसोबत एकाच वेळी घ्यायचं नाही, किंवा घेतलंच तर त्याचाही फोटो लगेच ग्रुपवर टाकायचा, "हे माझं स्वतःचं" असं लिहून. कारण जगभरातली भांडणं नेमकी इथेच होतात. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एक बांधकाम कामगार सहकाऱ्यांसाठी तिकिटं काढायचा, त्याला 2009 मध्ये साडेअडतीस मिलियन डॉलरचं बक्षीस लागलं, तो म्हणाला हे माझं स्वतःचं तिकीट आहे. पाच सहकारी कोर्टात गेले आणि 2012 मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ भांडण. सोडतीच्या आधी एक फोटो काढलेला असता तर ते तिकीट कोणाचं हा प्रश्नच उरला नसता.

3. हिस्से: पैसे आले तरच नाव

हिस्सा माणसावर नाही, पैशावर धरा. म्हणजे "आपण बाराजण आहोत, बारा समान भाग" असं नको. एक हिस्सा म्हणजे इतके रुपये असं ठरवायचं, मग कोणी एक घ्या कोणी दोन घ्या, कोणी दोघात मिळून एक घ्या.

दोघात मिळून एक, हे ऐकायला चेष्टा वाटते पण याचं एक खरं उदाहरण आहे. 2023 च्या जुलैमध्ये केरळच्या मान्सून बंपरचं दहा कोटींचं पहिलं बक्षीस मलप्पुरम जिल्ह्यातल्या परप्पनंगाडीच्या अकरा महिलांना लागलं, घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या हरित कर्म सेनेतल्या. तिकीट अडीचशेचं. नऊ जणींनी पंचवीस पंचवीस घातले आणि उरलेल्या पंचवीसात दोघी होत्या, साडेबारा साडेबारा. आता दहा कोटींत साडेबारा रुपयेवालीचा भाग किती, बाकीच्यांइतकाच की अर्धा, हा प्रश्न बक्षीस लागल्यावर विचारायचा नसतो. तुमच्याकडे एखादा "माझ्याकडे वीसच आहेत" म्हणाला तर त्याच वेळी त्याच्यासमोर लिहा, वीस रुपये म्हणजे पन्नासातले दोन पंचमांश हिस्सा.

आमचा हिशोब असा असतो. समजा तिकीट 200 चं आहे. एक हिस्सा 50 रुपये. आठ जणांनी एक एक घेतला, चौघांनी दोन दोन, असे बाराजण आणि सोळा हिस्से. 800 रुपये जमले, चार तिकिटं आली, हातात काही उरलं नाही. हिस्स्यांची एकूण रक्कम अशी ठेवा की तिला तिकिटाच्या किमतीने पूर्ण भाग जाईल, नाहीतर चाळीस-साठ रुपये शिल्लक राहतात आणि त्या शिल्लकीचे पुढच्या वेळी कोण मालक हे कोणालाच आठवत नाही.

पैसे यूपीआयने घ्या आणि पाठवताना नोटमध्ये सोडतीचं नाव लिहायला सांगा, "दिवाळी बंपर, 2 हिस्से". ज्यांच्याकडे कॅश आहे त्यांचं वहीत नाव, रक्कम, तारीख आणि त्यांचीच सही. पैसे घ्यायची शेवटची वेळ ठरवा, आमच्याकडे तिकीट घ्यायला जायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या शिफ्टची सुट्टी होईपर्यंत. त्यानंतर नाही म्हणजे नाही.

इथे सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे उधारी. "भाऊ, माझा टाकून दे रे, पगाराला देतो." तुम्ही दोस्तीखातर हो म्हणता. आता बक्षीस लागलं तर तो म्हणतो मी सांगितलं होतं, बाकीचे म्हणतात पैसे कुठे दिलेस, आणि तुम्ही मध्ये अडकता. कोणाला उधार द्यायचंच असेल तर तुमच्या खिशातून 50 त्याच्या खात्यावर पाठवा आणि त्याला ग्रुपला पाठवायला लावा. उधारी तुमची आणि त्याची, ग्रुपचा तिच्याशी संबंध नाही. तीच गोष्ट "मी तर दर वेळी असतोच" म्हणणाऱ्याची. दर सोडतीचा ग्रुप नवीन, यादी नवीन. मागच्या वेळी होता म्हणून या वेळी आपोआप नाही. सुट्टीवर गेलेल्या माणसाने जाण्याआधी पाठवले तरच तो आत.

4. कागद, तिकीट आणि फोटो

तिकीट घेताना बघायचं ते हे: छपाई स्वच्छ, सीरिजचं अक्षर आणि नंबर वाचता येतोय, बारकोड खरचटलेला नाही, सोडतीची तारीख पुढची आहे. दुकानातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक तिकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून व्हॉट्सॅप ग्रुपवर टाका. मेसेजवर वेळ आपोआप पडते, तोच तुमचा पुरावा. फोटोखाली नंबर टाइप पण करा, सीरिजचं अक्षर आधी आणि मग आकडे. बंपरमध्ये तोच नंबर वेगवेगळ्या सीरिजमध्ये असतो आणि अक्षर न बघता "लागला लागला" म्हणून पेढे आणणारी माणसं मी बघितलीयत. आणि हो, ग्रुपचं डिसअपिअरिंग मेसेज सेटिंग बंद आहे ना ते बघा, नाहीतर पुरावा काही दिवसांनी गायब.

हे फोटो फक्त हिस्सेदारांच्या ग्रुपवर. स्टेटसला ठेवू नका.

आता तिकिटाच्या मागची बाजू. तिथे नाव, पत्ता, सहीसाठी जागा असते. ती कोरी ठेवली तर तिकीट ज्याच्या हातात त्याचं, रस्त्यावर सापडलेल्या नोटेसारखं. म्हणून ती भरायची, पण बाराजणांच्या सह्या तिथे कोंबायच्या नाहीत, तिकीट खराब दिसलं तर तपासणीत अडचण येऊ शकते. फक्त तिकीट ठेवणाऱ्याने स्वतःचं नाव लिहून सही करायची. मग तुम्ही म्हणाल की तिकीट तर त्याच्या नावावर झालं! बरोबर, म्हणूनच वेगळा कागद लागतो ज्यात तो लिहून देतो की हे तिकीट माझ्याकडे सगळ्यांच्या वतीने आहे. सही आणि कागद दोन्ही एकाच दिवशी. नुसती सही करून कागद "उद्या करू" म्हणून सोडला तर ते कोऱ्या तिकिटापेक्षाही वाईट.

कागद साधा असतो. आमचा मजकूर साधारण असा, तुमच्या हिशोबाने बदलून घ्या:

"आम्ही खाली सही करणारे, (सोडतीचं नाव व तारीख) या सोडतीची खालील नंबरांची चार तिकिटं एकत्र पैसे घालून घेतली आहेत. एकूण हिस्से 16, प्रत्येकी 50 रुपये. कोणाचे किती हिस्से ते नावासमोर लिहिले आहे. चारही तिकिटांवरच्या कोणत्याही बक्षिसात प्रत्येकाचा हक्क त्याच्या हिस्स्यांच्या प्रमाणात राहील. मूळ तिकिटं श्री. ____ यांच्याकडे सर्वांच्या वतीने सांभाळण्यासाठी दिली आहेत, त्यांचा मालकी हक्क फक्त त्यांच्या स्वतःच्या हिस्स्यापुरता आहे. एखाद्याने नोकरी सोडली, बदली झाली किंवा तो वारला तरी या सोडतीतला त्याचा हिस्सा कायम राहील व तो नावासमोर लिहिलेल्या वारसाला मिळेल. 10,000 रुपयांपर्यंतचं बक्षीस विक्रेत्याकडून घेऊन ____ दिवसांत वाटलं जाईल. त्यावरच्या बक्षिसासाठी सर्वांच्या संमतीने एकत्र दावा केला जाईल."

खाली तक्ता: नाव, पॅन, हिस्से, वारसाचं नाव, सही. शेवटी ग्रुपबाहेरच्या दोन साक्षीदारांच्या सह्या. चारही तिकिटांचे नंबर हाताने लिहा, "चार तिकिटं" एवढंच नको.

दर वेळी स्टॅम्प पेपर लागतो का? पन्नास रुपयांच्या हिस्स्यासाठी दर वेळी 500 चा स्टॅम्प आणि नोटरीची फी कोणी करणार नाही, आम्हीही नाही करत. साध्या कागदावर सह्या, त्याचा फोटो सोडतीच्या आधी ग्रुपवर, आणि यूपीआयच्या नोंदी, एवढं बऱ्यापैकी भक्कम होतं कारण तिन्हीवर तारीख आहे आणि तिन्ही एकमेकांशी जुळतात. मोठ्या बंपरला माणसं आणि पैसे जास्त असतील तर मात्र नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाच्या आसपास नोटरी बसतात, तिथे एकदा जाऊन या. वीस-पंचवीस जणांत तो खर्च वाटून जातो.

ठेवायचं कसं: कडक प्लास्टिकच्या पाऊचमध्ये, सपाट, एखाद्या फाइलमध्ये. लॅमिनेशन करू नका, स्टेपल मारू नका, टेप लावू नका, घडी घालू नका, पाकिटात ठेवू नका. लॅमिनेशन हा आपल्याकडचा राष्ट्रीय रोग आहे, महत्त्वाचा कागद दिसला की माणूस झेरॉक्सवाल्याकडे पळतो. पावसाळ्यात कपाटातला ओलावा बघा. शक्य असेल तर कुलपाचं कपाट, एक चावी ठेवणाऱ्याकडे आणि दुसरी चावी बंद पाकिटात घेणाऱ्याकडे, म्हणजे काकांना अचानक गावाला जावं लागलं तरी तिकीट अडकत नाही.

5. बक्षीस लागल्यावर

निकाल राज्य लॉटरीच्या सरकारी साइटवर बघा, फॉरवर्ड झालेल्या फोटोवर नाही. दोघांनी बघायचा, घेणाऱ्याने आणि ठेवणाऱ्याने, वेगवेगळा. तारीख, सीरिज, नंबर या क्रमाने. मागच्या वर्षीच्या निकालाचा फोटो फिरत असतो.

लहान बक्षीस, म्हणजे शंभर, दोनशे, हजार, विक्रेत्याकडेच मिळतं. यात भांडण होत नाही असं वाटतं पण कुरबुर इथेच सुरू होते, कारण चारशे रुपये सोळा हिश्श्यांत वाटायचे म्हणजे पंचवीस पंचवीस, आणि कोणीतरी म्हणतं "राहू दे, पुढच्या तिकिटाला टाकू". टाका, पण पुढच्या वेळी जो ग्रुपमध्ये नाही त्याचे पंचवीस त्याला परत गेलेच पाहिजेत. आमचा नियम सरळ आहे, सगळं वाटून टाकायचं, मग ज्याला घालायचं तो परत घालेल. वाटण्याची कटकट होते, पण पुढच्या यादीत मागची शिल्लक येत नाही.

दहा हजारांच्या वरचं बक्षीस असेल तर दावा वाशीला, राज्य लॉटरीच्या ऑफिसात करायचा. तिकिटाच्या मागे मुदत आणि अटी छापलेल्या असतात, निकालाच्या दिवशीच त्या वाचा आणि शेवटची तारीख ग्रुपवर टाका. मुदत गेली की बक्षीस गेलं. जाण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: दावा अर्जासोबत काय काय लागतं, आणि अनेक जणांनी मिळून काढलेल्या तिकिटाचा दावा ते कसा घेतात. साधारण तयारी अशी ठेवा: मूळ तिकीट, त्याच्या झेरॉक्स, सगळ्यांचं पॅन आणि आधार, पासपोर्ट फोटो, रद्द केलेला चेक किंवा पासबुकचं पहिलं पान, आणि तुमचा हिस्सेदारांचा कागद. आता मात्र त्या कागदाच्या आधारे 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करून अधिकारपत्र बनवा की अमुक एकजण सगळ्यांच्या वतीने दावा करेल.

तिकीट कुरिअरने पाठवू नका. तिघं जा, घेणारा, ठेवणारा आणि आणखी एक. पंचवटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे, ठाण्याहून ट्रान्स हार्बरची वाशी लोकल. तिकीट जमा केल्यावर पोच घ्या, त्यावर तिकिटाचा नंबर आहे का बघा, आणि पोचेचा फोटो तिथूनच ग्रुपवर.

आता टॅक्स, जो बहुतेक ग्रुपना माहितीच नसतो. दहा हजारांच्या वरच्या बक्षिसातून 30 टक्के टीडीएस कापूनच पैसे मिळतात. समजा आपल्या सोळा हिश्श्यांच्या ग्रुपला पाच लाखांचं बक्षीस लागलं. दीड लाख टीडीएस, हातात साडेतीन लाख. एका हिश्श्याला 21,875, दोनवाल्याला 43,750. इथपर्यंत सगळे करतात आणि पार्टी करून मोकळे होतात.

पण टीडीएस म्हणजे पूर्ण टॅक्स नाही. लॉटरीवर टॅक्स 30 टक्के आणि त्या टॅक्सवर 4 टक्के सेस, म्हणजे एकूण 31.2 टक्के. पाच लाखांवर हा सेस 6,000 रुपये होतो. बक्षीस ज्याच्या पॅनवर आलं त्याच्याकडे तो मागितला जातो, आणि तोपर्यंत पैसे वाटून झालेले असतात. म्हणजे काकांनी सगळ्यांसाठी वाशीच्या खेपा घातल्या आणि वर 6,000 खिशातून भरले. शिवाय काकांच्या एआयएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सकडच्या त्यांच्या वर्षाच्या नोंदीत, पूर्ण पाच लाख उत्पन्न दिसतं. लॉटरीच्या उत्पन्नातून कसलीही वजावट मिळत नाही, तिकिटाचे पैसेसुद्धा वजा होत नाहीत, आणि पगार कमी असला तरी लॉटरीला सूट मर्यादा लागू होत नाही.

बक्षीस मोठं असेल तर प्रकरण आणखी वाढतं. पन्नास लाख एकाच्याच नावावर आले आणि त्याचा पगार त्यात मिळवला तर एकूण उत्पन्न पन्नास लाखांच्या वर जातं, मग टॅक्सवर 10 टक्के सरचार्ज लागायला सुरुवात होते. तेच पन्नास लाख सोळा हिश्श्यांत धरले तर एका हिश्श्याला 3,12,500 येतात आणि सरचार्जचा विषय कोणाच्याच बाबतीत निघत नाही. आणि दुसरीकडे, काकांनी टॅक्स भरून उरलेले पैसे वाटले, आणि तुमचा त्या तिकिटात हिस्सा होता हे दाखवायला जुनी तारीख असलेला कागद नसेल, तर खात्याला ती भेट वाटू शकते. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर मिळालेली रक्कम ही घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. सहकारी हा कितीही भावासारखा असला तरी कायद्यात नातेवाईक नाही. म्हणजे एकाच पैशावर एकदा काकांनी टॅक्स भरला आणि परत तुम्ही.

यावर उपाय कायद्यातच आहे. टीडीएस ज्याच्या नावाने कापला जातोय त्याने कापणाऱ्या ऑफिसला लेखी द्यायचं की हे उत्पन्न माझ्या एकट्याचं नाही, अमुक अमुक लोकांचं, अमुक प्रमाणात आहे, सोबत प्रत्येकाचं नाव, पत्ता, पॅन आणि त्याला किती. मग टीडीएस त्या त्या माणसाच्या पॅनवर दाखवता येतो. हे पैसे मिळाल्यानंतर नाही, दावा अर्जासोबतच द्यायचं असतं, कारण एकदा टीडीएसचं रिटर्न भरलं गेलं की ऑफिसला मागे जाऊन दुरुस्ती करायला लावणं म्हणजे खेटे. आमच्या पाच लाखांच्या हिशोबात मग एका हिश्श्याच्या पॅनवर 31,250 उत्पन्न आणि 9,375 टीडीएस दिसेल, आणि त्याला रिटर्न भरताना फक्त 375 सेस भरावा लागेल. दोनवाल्याला 750. कोणाचं कोणावर ओझं नाही.

ज्याच्याकडे पॅन नाही त्याला ग्रुपमध्ये घेताना आधीच सांगा की काढून घे. यादीत पॅनचा रकाना त्यासाठीच आहे.

लाखाच्या वरच्या बक्षिसाला दावा करण्याआधी सीएकडे एकदा बसा. सोबत कागद, फोटो, यूपीआयच्या नोंदी घेऊन जा आणि विचारा की आमच्या केसमध्ये नावं फोडून द्यायची कशी, आणि ग्रुपला एक वेगळी संस्था समजून टॅक्स लावायची शक्यता आहे का. सीएची फी हिश्श्यांच्या प्रमाणात, हेही नियमात लिहून ठेवा.

ऑफिसने वेगवेगळ्या खात्यांवर पैसे द्यायला नकार दिला आणि सगळे एकाच खात्यावर आले, तर वाटताना प्रत्येकाला बँकेतूनच पाठवा, कॅश बिलकुल नाही, आणि नोटमध्ये "लॉटरी हिस्सा" आणि तिकिटाचा नंबर. नावं फोडून दिली गेली नसतील तर वाटण्याआधी सेसची रक्कम बाजूला काढून ठेवा, पाच लाखांत 6,000, आणि खातेधारकाचं रिटर्न भरून झाल्यावर जे उरेल ते वाटा. त्याला रिटर्न भरायला लागेल तेव्हा एकेकाच्या मागे फिरून 375 गोळा करायची वेळ आणू नका. नोकरी सोडून पुण्याला गेलेला माणूस फोन उचलत नाही.